चुल्लवग्गाचा दहावा खंधक उघडा: महाराष्ट्रातील भिक्खू संघांना आणि विहार समित्यांना खुले पत्र

पूज्य भन्ते, पूज्य आर्याजी आणि विहार समित्यांचे पदाधिकारी,

सविनय वंदन. नमो बुद्धाय, जयभीम.

आम्ही विनयपिटकाचे अभ्यासक आहोत. हे पत्र दोन चुकांबद्दल आहे. श्रामणेर शिबिरात एखाद्या उपासिकेला दहा शीले दिली जातात आणि पुढच्याच कार्यक्रमाच्या पत्रिकेत तिच्या नावामागे 'भिक्खुनी' छापले जाते, ही पहिली. दुसरी चूक नेमकी उलटी आहे. एखादी श्रामणेरी खरोखरच उपसंपदा, म्हणजे पूर्ण दीक्षा, मागायला येते, तेव्हा तिला सांगितले जाते की भिक्खुनी संघ हजार वर्षांपूर्वीच संपला, आता काही करता येणार नाही. पहिली चूक करणारा विनयाला किंमत देत नाही. दुसरी चूक करणारा विनयाचे नाव पुढे करतो, पण विनय काय म्हणतो ते सांगत नाही. चुल्लवग्गाचा दहावा खंधक, म्हणजे भिक्खुनीक्खंधक, सलग वाचला तर दोन्ही चुकांचे उत्तर मिळते.

सुरुवातीची कथा आपण धम्मदेसनेत ऐकतो आणि ऐकवतो. महापजापती गोतमीने कपिलवत्थूच्या निग्रोधारामात प्रव्रज्या मागितली आणि तीन वेळा नकार ऐकला. बुद्ध वेसालीला गेले. तिने केस कापले, काषाय वस्त्रे घातली आणि अनेक शाक्य स्त्रियांसह चालत वेसाली गाठली. महावनातल्या कूटागारशाळेच्या दाराबाहेर ती सुजलेल्या पायांनी, धुळीने माखलेली, रडत उभी राहिली. आनंदाने आधी तिच्या वतीने तीन वेळा मागणी केली आणि नकार ऐकला. मग त्याने प्रश्नच बदलला. घर सोडलेली स्त्री सोतापत्तीपासून अर्हत्त्वापर्यंतची फळे मिळवू शकते का? बुद्धांनी 'हो' म्हटले. स्त्रीच्या क्षमतेचा प्रश्न तिथेच संपला आणि ग्रंथात तो पुन्हा उठत नाही. त्यानंतर येतात आठ गरुधम्म, म्हणजे भिक्खुनींनी पाळायचे आठ जड नियम.

या आठांतला पहिला सर्वांना ठाऊक आहे आणि त्यावर राग येणे स्वाभाविक आहे: शंभर वर्षांच्या भिक्खुनीनेही आजच उपसंपन्न झालेल्या भिक्खूला वंदन करावे. हा नियम समान आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण त्याच खंधकात पुढे महापजापती आनंदामार्फत विनंती करते की वंदन ज्येष्ठतेनुसार व्हावे. ती नाकारताना दिलेले कारण असे की इतर तीर्थिकही स्त्रियांना वंदन करत नाहीत, मग तथागत ते कसे मान्य करतील. हे कारण त्या काळच्या लोकरीतीचे आहे. स्त्रीच्या पात्रतेचा त्यात उल्लेखही नाही.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. भिक्खूला अपशब्द न बोलणे, भिक्खू नसलेल्या ठिकाणी वर्षावास न करणे, वर्षावासानंतर दोन्ही संघांपुढे पवारणा करणे आणि दर पंधरवड्याला उपोसथाचा दिवस विचारून ओवाद मागणे हे चार गरुधम्म भिक्खुनी पातिमोक्खात, म्हणजे भिक्खुनींच्या नियमावलीत, पाचित्तिय 52, 56, 57 आणि 59 म्हणून पुन्हा येतात. पाचित्तिय म्हणजे कबुलीने सुटणारा दोष. तिथे प्रत्येकाची वेगळी निदानकथा आहे: कोणीतरी चुकले, तक्रार आली, मग नियम घातला. नियम पहिल्याच दिवशी ठरलेला होता तर तो पुन्हा नव्याने का घालावा लागला? त्यामुळे आठांची ही यादी आजच्या रूपात नंतर एकत्र केली गेली, असे बरेच अभ्यासक मानतात. आम्हालाही ते पटते.

भिक्खुनी संघ पुढे लोपला, त्यात मात्र वंदनाच्या नियमाचा वाटा नाही. तो वाटा सहाव्या गरुधम्माचा आहे: दोन वर्षे सहा नियमांत शिकलेल्या सिक्खमानेने दोन्ही संघांकडून उपसंपदा घ्यावी.

हा नियम प्रत्यक्षात कसा आला, ते त्याच खंधकात पायरीपायरीने दिसते. महापजापतीसोबतच्या शाक्य स्त्रियांचे काय करायचे, असा प्रश्न आला तेव्हा भिक्खुनी संघ अस्तित्वातच नव्हता. म्हणून बुद्धांनी अनुमती दिली की भिक्खूंनी भिक्खुनींना उपसंपदा द्यावी. त्यात फक्त भिक्खू होते. पुढे अडचण आली ती प्रश्नांची. उपसंपदेआधी स्त्रीला चोवीस अंतरायिक प्रश्न विचारावे लागतात. त्यातले अनेक शरीराचे आणि मासिक पाळीचे आहेत. भिक्खूंनी ते विचारल्यावर स्त्रिया संकोचल्या, त्यांना उत्तर देता येईना. तेव्हा ठरले की आधी भिक्खुनी संघात एका बाजूची उपसंपदा व्हावी, प्रश्न तिथेच विचारले जावेत आणि मग तिने भिक्खू संघापुढे यावे. दुहेरी उपसंपदेची पद्धत स्त्रीची अडचण दूर करण्यासाठी अशी आली. त्याच हेतूने तिच्यात आणखी एक सवलतही दिली गेली. काशीची गणिका अड्ढकासी सावत्थीला निघणार होती, पण वाटेत गुंड टपून बसले होते. म्हणून दूतामार्फत उपसंपदेची सोय झाली: एका बाजूची उपसंपदा झालेली स्त्री विहारातच थांबेल आणि एक जाणती भिक्खुनी तिच्या वतीने भिक्खू संघापुढे मागणी करेल.

पूर्ण विधीचा क्रम असा आहे. दहा शीलांची श्रामणेरी भिक्खुनी संघाकडे सिक्खासंमती मागते. दहांतली पहिली पाच शीले आणि विकाल भोजन न करणे हे सहा नियम ती दोन वर्षे अखंड पाळते. मध्ये एक मोडला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर तिला पवत्तिनी, म्हणजे उपाध्याया, मिळते. तिचे पात्र आणि पाच चीवरे तिला दाखवली जातात. भिक्खूंना तीन चीवरे असतात; तिला त्यांखेरीज संकच्चिका, म्हणजे छाती झाकणारे वस्त्र, आणि स्नानाचे वस्त्र ठेवावे लागते. मग एक भिक्खुनी तिला बाजूला नेऊन चोवीस प्रश्न विचारते. भिक्खुनी संघात एक ञत्ति, म्हणजे ठराव मांडणे, आणि तीन अनुस्सावना, म्हणजे त्याच्या घोषणा, होतात. लगेच तिला भिक्खू संघापुढे नेतात आणि तिथे पुन्हा एक ञत्ति व तीन अनुस्सावना होतात. शेवटी तिच्या सावलीचे माप घेतात, ऋतू आणि दिवसाचा प्रहर सांगतात आणि तीन निस्सय व आठ अकरणीये समजावतात. भिक्खूला निस्सय चार असतात. भिक्खुनीला झाडाखालच्या निवासाचा निस्सय नाही, कारण अरण्यात राहणाऱ्या भिक्खुनींवर गुंडांनी अत्याचार केले आणि त्यांचा अरण्यवास बंद करण्यात आला.

इथेच 'भिक्खुनींना 84 नियम जास्त' या वाक्याचीही तपासणी करायला हवी. भिक्खुनींचे 311 उणे भिक्खूंचे 227 ही वजाबाकी बरोबर आहे, पण तिच्यातून फारसे काही कळत नाही. पालि पातिमोक्खात भिक्खू आणि भिक्खुनी यांचे 181 नियम समान आहेत. भिक्खुनींचे स्वतंत्र नियम 130 आहेत आणि भिक्खूंचे 46. शिवाय मोजण्याची पद्धतही वेगळी आहे. तूप, तेल, मध, गूळ, मासे, मांस, दूध आणि दही स्वतःसाठी मागून खाण्याबद्दल भिक्खुनींना आठ वेगळे पाटिदेसनीय आहेत. भिक्खूंना जवळजवळ तीच यादी एका पाचित्तियात आहे. म्हणजे एकाच गोष्टीचे इथे आठ नियम झाले आणि तिथे एक.

काही नियम खरोखर जड आहेत. पाराजिके, म्हणजे संघातून कायमचे बाहेर काढणारे दोष, भिक्खूंना चार, भिक्खुनींना आठ. कामवासनेने पुरुषाचा गळ्याच्या हाडाखालचा आणि गुडघ्यावरचा स्पर्श मान्य करणे हे भिक्खुनीला पाराजिक आहे. भिक्खूने वासनेने स्त्रीला स्पर्श केला तर तो संघादिसेस, म्हणजे प्रायश्चित्ताने सुटणारा दोष. दुसऱ्या भिक्खुनीचे पाराजिक लपवणे हेही तिला पाराजिक. एकटीने दुसऱ्या गावाला जाणे, एकटीने नदी ओलांडणे, रात्री एकटीने राहणे, घोळक्याच्या मागे पडणे हे सर्व एका संघादिसेसात येते. या नियमाने तिला सुरक्षा मिळाली, पण मुक्तपणे फिरणे गेले. दुसरीकडे काही नियमांनी तिला भिक्खूंपासून वाचवले. नातेवाईक नसलेल्या भिक्खुनीकडून भिक्खूला जुने चीवर धुऊन घेता येत नाही, लोकर साफ करून घेता येत नाही. संघाचा कारभारही हळूहळू तिच्या हातात आला. आधी भिक्खू येऊन भिक्खुनींना पातिमोक्ख म्हणून दाखवत. लोक त्यावरून नाही ते बोलू लागले. मग भिक्खुनींनी ते स्वतः म्हणावे असे ठरले आणि भिक्खूंकडे ते शिकवण्यापुरते काम राहिले.

हा संघ आपल्या डोंगरांतही होता. रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यांत एक लेणे आणि पाण्याचे टाके प्रव्रजिता पदुमनिकेने दिल्याचा शिलालेख आहे. तिची आई नागनिका हीदेखील प्रव्रजिता होती. दानात बोधी ही शिष्या आणि असाळ्हमिता यांचीही नावे आहेत. जुन्नरच्या एका लेखात धम्मुत्तरीय पंथाच्या भिक्खुनी-उपाश्रयाचा उल्लेख आहे.

मग तो गेला कसा? श्रीलंकेचे उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात महिंद थेर तिथे पोहोचले. राणी अनुलेने प्रव्रज्या मागितली तेव्हा त्यांनी सांगितले की स्त्रीला प्रव्रज्या देणे मला कल्पत नाही, पाटलिपुत्राहून संघमित्तेला बोलवा. संघमित्ता इतर भिक्खुनींसह बोधिवृक्षाची फांदी घेऊन आली आणि अनुराधपुरात संघ उभा राहिला. तो हजार वर्षांहून अधिक टिकला. 993 साली चोळांनी अनुराधपूर लुटले आणि 1017 साली राजा पाचवा महिंद पकडला गेला. विहारांचा राजाश्रय तुटला. 1070 साली पहिल्या विजयबाहूने चोळांना हाकलले तेव्हा उपसंपदेसाठी पाच भिक्खूही मिळेनात. त्याने ब्रह्मदेशातल्या रामञ्ञ प्रांतातून भिक्खू आणवले आणि भिक्खू संघ पुन्हा उभा केला. भिक्खुनी संघ पुन्हा उभा केल्याची नोंद मात्र नाही.

दोघांच्या नशिबात हा फरक कुठून आला, ते नियमांच्या गणितात आहे. उपसंपदेला मध्यदेशात दहा भिक्खू लागतात. मध्यदेशाबाहेर विनयधरासह पाच पुरतात. (ही सवलत अवंती-दक्षिणापथासाठी मागितली गेली होती. सोण कुटिकण्णाच्या उपसंपदेसाठी महाकच्चानांना दहा भिक्खू जमवायला तीन वर्षे लागली होती. आपला प्रदेशही त्या सीमेबाहेरच येतो.) म्हणजे बाहेरून पाच भिक्खू आले की काम सुरू. भिक्खुनीसाठी मात्र दोन गण, म्हणजे उपसंपदेला पुरतील इतक्यांचे समूह, हवेत, भिक्खूंचा आणि भिक्खुनींचा. पवत्तिनीला बारा वर्षे पूर्ण हवीत आणि संघाची संमती हवी. पाचित्तिय 82 सांगतो की तिने दरवर्षी उपसंपदा देऊ नये. 83 सांगतो की एका वर्षात दोघींना देऊ नये. म्हणजे एका पवत्तिनीला दोन वर्षांत एकच शिष्या.

समजा, युद्धानंतर एका विहारात चाळीस भिक्खुनी उरल्या आणि त्यांतल्या बारा जणी पवत्तिनी होण्याजोग्या आहेत. तरी वर्षाला सरासरी सहापेक्षा जास्त नव्या भिक्खुनी होणार नाहीत. नव्याने आलेल्या श्रामणेरीला दोन वर्षे सिक्खमाना राहावे लागेल ते वेगळेच. संघ शांततेत असेल तर एवढे पुरते. दुष्काळ, लूट, रोगराई आली तर वर्षाला सहापेक्षा जास्त जणी जातात. आणि चारच उरल्या तर गणच होत नाही. त्या चौघी विनय तोंडपाठ असलेल्या असोत, त्यांच्यानंतर परंपरा थांबते. स्त्रियांची श्रद्धा कमी पडली असे म्हणायला इथे कोणताही आधार नाही.

पुढे अठराव्या शतकात श्रीलंकेत भिक्खूंची उपसंपदाही पुन्हा तुटली होती. 1753 साली सयामहून उपालि थेर आले आणि कँडीत ती सुरू झाली. त्यातूनच आजचा सयाम निकाय निघाला. भिक्खूंची परंपरा किमान दोनदा तुटली आणि प्रत्येक वेळी बाहेरून आणली गेली. भिक्खुनींसाठी तोपर्यंत कोणत्याही थेरवादी देशात गण उरला नव्हता. तिबेटमध्ये तर तुटण्याचा प्रश्नच आला नाही. आठव्या शतकात शांतरक्षित मूलसर्वास्तिवादी भिक्षूंना घेऊन तिथे गेले, भिक्षुणींचा गण डोंगर ओलांडून कधी पोहोचलाच नाही. त्यामुळे तिथल्या स्त्रिया शतकानुशतके श्रामणेरीच राहिल्या. थायलंडमध्येही हा संघ कधी स्थापन झाला नव्हता. तरी 1928 साली तिथल्या संघराजांनी स्त्रियांना दीक्षा देण्यावर बंदी घातली.

चीनमध्ये काय झाले ते आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे. तिथल्या पहिल्या भिक्षुणी फक्त भिक्षूंकडून दीक्षित झाल्या होत्या, कारण दुसरा गणच नव्हता. पाचव्या शतकात आपली उपसंपदा पूर्ण आहे का, हा प्रश्न त्यांनी स्वतःच विचारला. श्रीलंकेहून जहाजाने काही भिक्खुनी आल्या, पण गण भरेना. थांबून, आणखी भिक्खुनी आल्यावर, 433-434 च्या सुमारास आजच्या नानजिंगमध्ये तीनशेहून अधिक स्त्रियांना दोन्ही संघांसमोर उपसंपदा मिळाली. श्रीलंकेतली परंपरा तुटण्याआधी जवळजवळ सहा शतके तिची एक फांदी अशी पूर्वेला रुजली. पुढे चीनने धर्मगुप्तक या वेगळ्या निकायाचा विनय स्वीकारला आणि तीच परंपरा आज तैवान, कोरिया आणि व्हिएतनाममध्ये आहे.

याच फांदीच्या आधाराने 8 डिसेंबर 1996 रोजी सारनाथला कोरियन भिक्षुणींच्या साहाय्याने श्रीलंकेच्या दहा दससिल मातांची, म्हणजे दहा शीले पाळणाऱ्या स्त्रियांची, उपसंपदा झाली. फेब्रुवारी 1998 मध्ये बोधगयेला मोठा विधी झाला. त्यातल्या श्रीलंकन भिक्खुनींना सारनाथला नेऊन थेरवादी भिक्खूंनी पालि कम्मवाचेने, म्हणजे विधीच्या पाठाने, उपसंपदा पुन्हा पक्की केली. 12 मार्च 1998 रोजी दंबुल्लात बावीस जणींची उपसंपदा श्रीलंकेच्या भूमीवरच झाली.

यावरचे आक्षेप आम्ही झटकत नाही. एक, धर्मगुप्तक गण थेरवादी उपसंपदेला चालतो का? दोन, 1998 मध्ये सारनाथच्या भिक्खुनींनाही बारा वर्षे झालेली नव्हती. दुसऱ्याचे उत्तर पातिमोक्खात आहे: बारा वर्षांआधी उपसंपदा देणाऱ्या भिक्खुनीला पाचित्तिय लागते, शिष्येची उपसंपदा रद्द झाली असे तो नियम म्हणत नाही. पहिल्याचे उत्तर, म्हणजे तो गण चालत नाही असे धरले तरी, चुल्लवग्गातल्या अनुमतीत आहे. भिक्खूंना सुरुवातीला तीन शरणांनी मिळणारी उपसंपदा महावग्गात बुद्धांनी 'आजपासून ती नाकारतो' असे स्पष्ट म्हणून मागे घेतली. भिक्खूंनी भिक्खुनींना उपसंपदा देण्याची अनुमती मात्र अशा शब्दांत कुठेही मागे घेतलेली नाही. ती भिक्खुनी संघ नसतानासाठी दिली होती आणि तशीच परिस्थिती पुन्हा आली. नंतरच्या नियमाने आधीची अनुमती आपोआप रद्द होते, असे मानणारे विनयधर आहेत. आम्ही त्यांच्याशी सहमत नाही, पण त्यांचा मुद्दा विनयातलाच आहे आणि त्यावर विनयातूनच बोलावे. भूतानमध्ये जून 2022 मध्ये जे खेन्पो यांनी 144 स्त्रियांना भिक्षुणी दीक्षा दिली ती केवळ भिक्षू संघाकडूनच होती.

शिवाय आज परिस्थिती बदलली आहे. 1998 च्या भिक्खुनींना बारा वर्षे केव्हाच पूर्ण झाली. थेरवादी पवत्तिनी आणि थेरवादी गण आता उपलब्ध आहेत. 'संघच नाही' हे कारण उरलेले नाही.

म्हणून आमच्या मागण्या अशा. दहा शीले घेतलेल्या आर्याजींना पत्रिकेत श्रामणेरी लिहा. त्यात त्यांचा अपमान नाही. उपसंपदा मागणाऱ्या श्रामणेरीला परत पाठवू नका. तिची सिक्खासंमती एखाद्या भिक्खुनी संघाकडून घ्या आणि त्या तारखेपासून दोन वर्षे मोजा. या काळात तिच्या निवासाची, भोजनाची आणि पातिमोक्ख शिकण्याची सोय विहार समितीने करावी. तिला एकटीला दूरच्या विहारात ठेवू नये, संघादिसेस आठवा. पवत्तिनी श्रीलंकेहून बोलवावी लागली तर तिच्याबरोबर गण पुरा होईल इतक्या भिक्खुनींच्या प्रवासाचा खर्च धरा. ऐनवेळी एक जण आजारी पडली तर विधी अडतो, म्हणून एक-दोन जणी जास्त असू द्या.

विधी मैदानातल्या मांडवात करू नका. सीमा, म्हणजे विधीची हद्द, बांधलेली नसेल आणि त्या परिसरात असलेला एखादा भिक्खू हत्थपासाबाहेर, म्हणजे हाताच्या अंतराबाहेर, राहिला तर संघ समग्र राहत नाही आणि कम्म बाद होते. हजारोंच्या गर्दीत हे घडते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. बांधलेल्या सीमेत, मोजक्या लोकांत कम्म करा आणि उपासक-उपासिकांचा सोहळा त्यानंतर वेगळा घ्या. कम्मवाचा म्हणणाऱ्याचे उच्चार आधी तपासून घ्या.

आणि नोंद ठेवा. सिक्खासंमतीची तारीख, पवत्तिनीचे नाव व तिच्या उपसंपदेचे वर्ष, दोन्ही गणांतली संख्या, सीमेचे ठिकाण आणि दोन्ही कम्मांची वेळ. केवळ भिक्खू संघाकडून उपसंपदा दिली असेल तर कोणत्या अनुमतीने दिली तेही लिहा. सावलीचे माप उपसंपदेच्या वेळेची नोंद राहावी याचसाठी घेत असत. या नोंदीची एक प्रत त्या भिक्खुनीच्या हाती द्यावी, कारण बारा वर्षांनी ती पवत्तिनी होण्याची संमती मागेल तेव्हा पहिला प्रश्न त्याच तारखेबद्दल विचारला जाईल.

आपले नम्र,
विनयपिटकाचे काही अभ्यासक